चौकोनाची चौकशी

गाणं तयार व्हायला सहा महिने लागले तरी कोणी काही म्हणत नाही. स्पॉटिफायसारख्या स्टोअरवर गाण्याशेजारी दिसणारं कव्हर मात्र शेवटच्या रात्री साडेअकराला होतं, आणि तेही यूट्यूबसाठी केलेल्या थंबनेलमधून. माझं स्पष्ट मत आहे की गाणी सुराला हलली म्हणून जितकी अडकत नाहीत, तितकी या एका चित्रापायी अडकतात. बेसुर गाण्याला स्टोअरची काही हरकत नसते. हरकत असते ती चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेल्या इन्स्टाग्रामच्या नावाला.

आपण एक नमुना घेऊ. गाण्याचं नाव ‘खिडकी’. थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं. त्यात खिडकीशी उभा गायक, वर मोठ्या अक्षरात ‘खिडकी – ऑफिशियल व्हिडिओ’, बाजूला ‘नवीन गाणं’, खाली ‘२५ तारखेपासून सगळीकडे’, त्याखाली तीन-चार स्टोअर्सचे लोगो रांगेत, कोपऱ्यात लाल घंटी, आणि उरलेल्या जागेत कार्यक्रमांसाठी मोबाइल नंबर. गायकाचा चेहराही आहे, शोधला तर सापडतो. हे कव्हर म्हणून चढवायचं आहे.

पहिलं गाडं आकारावर अडतं. कव्हर चौरस लागतं, आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं दिलं की बहुतेक ठिकाणी पुरतं. गाणं आपल्याकडून घेऊन स्टोअर्सपर्यंत पोचवणारे काही वितरक त्याहून लहानही घेतात, पण लहान देऊन वाचवायचं काय, ते मला कळलेलं नाही. आपलं थंबनेल आडवं आहे. मग माणूस पहिला उपाय करतो तो ताणण्याचा. गायक चौरसात बसतो खरा, पण उभा ताणला गेल्यामुळे नारळाच्या झाडासारखा दिसतो. दुसरा उपाय वर-खाली काळ्या पट्ट्या लावण्याचा. फाइल चौरस झाली, चित्र आडवंच राहिलं, आणि पट्ट्या बघणाऱ्याला लगेच दिसतात. तिसरा उपाय मधला चौकोन कापण्याचा, आणि हा दिसायला शहाणपणाचा असतो. कापल्यावर हातात ७२० बाय ७२० उरतं. ते एडिटरमध्ये घालून ‘३०००’ टाइप केलं की झालं ३०००!

इथे जरा हिशेब करू. ७२० गुणिले ७२० म्हणजे सुमारे पाच लाख अठरा हजार पिक्सेल. ३००० गुणिले ३००० म्हणजे नव्वद लाख. सतरापट. म्हणजे खऱ्या एका पिक्सेलमागे एडिटरने सोळा अंदाजाने भरले. अपलोडच्या पानावरचं यंत्र फक्त रुंदी-उंची मोजतं, ते म्हणतं ठीक आहे. नंतर तपासणीत कोणीतरी ते मोठं करून बघतं, गायकाच्या भुवया उकडल्यासारख्या दिसतात, आणि ‘चित्र अस्पष्ट आहे’ असा शेरा येतो. आपण म्हणतो, अहो, ३००० आहे की! आहे. पण पोतं मोठं शिवल्याने धान्य वाढत नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: मूळ फोटोकडे जायचं. साध्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० असतो. त्यातून ३००० चा चौकोन जसाच्या तसा निघतो, एकही पिक्सेल कल्पनेने भरावा लागत नाही. अडचण एवढीच की तो फोटो मित्राच्या फोनमध्ये असतो आणि मित्र तो व्हॉट्सॲपवर पाठवतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो वाटेत आक्रसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल येते. आली की आधी तिचा आकार बघा: विंडोजच्या संगणकावर फाइलवर राइट क्लिक, Properties, मग Details. तिथे दोन आकडे असतात, त्यातला लहान ३००० च्या खाली नको.

तिथेच Details मध्ये डीपीआय नावाचा आणखी एक आकडा दिसतो, आणि त्यावरून घराघरांत भांडणं होतात. ‘७२ आहे, ३०० करून आण’ असं छापखान्यात काम केलेला माणूस ठामपणे सांगतो. कागदावर त्याचं बरोबर आहे. एका इंचात किती ठिपके छापायचे, एवढंच तो आकडा सांगतो. पडद्यावर इंचच नाही. ३००० पिक्सेलची फाइल ७२ असो वा ३००, तीच राहते. मात्र याच माणसाकडून कव्हर करून घेतलं असेल तर दुसरीकडे नजर ठेवा: रंग. छपाईसाठी चार शाईंचा सीएमवायके वापरतात, पडद्याला आरजीबी लागतो. सीएमवायकेची फाइल एक तर अपलोडलाच अडते, नाहीतर रंग बिघडवून पुढे जाते. करून घेतानाच ‘आरजीबी, जेपीजी, ३००० चौरस’ एवढं सांगावं. फोटोचं पीएनजी उगाच जड होतं आणि वितरकाची फाइलच्या वजनाची मर्यादा ओलांडू शकतं. चांगल्या दर्जाचं जेपीजी तीच गोष्ट थोडक्यात सांगतं.

आता नकार कधी आला यावरून रोग ओळखता येतो. अपलोड करताक्षणी लाल अक्षरं आली तर आकार, प्रकार किंवा रंग. दोन-तीन दिवसांनी मेल आली तर चित्रात काय आहे, यावर बोट. ती मेल बहुधा एका ओळीची असते: तुमचं कव्हर स्टोअरच्या नियमांत बसत नाही. कुठला नियम, ते आपण ओळखायचं. आपल्या ‘खिडकी’त तर ओळखायला भरपूर आहे.

लोगोंची रांग बघा. एका दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या मालावर समोरच्या दुकानाची पाटी! तुम्ही दुकानदार असता तर ठेवली असती? मोबाइल नंबर, वेबसाइट, सोशल मीडियावरचं नाव, क्यूआर कोड, किंमत, सगळं याच न्यायाने जातं: कव्हर ही जाहिरातीची जागा नाही. लाल घंटी तर दाबताही येत नाही. ‘नवीन गाणं’ आणि ‘२५ तारखेपासून’ हे काळाने जातं. कव्हर वर्षानुवर्षं तिथेच राहणार, आणि पाच वर्षांनी ‘नवीन’ वाचणाऱ्याने काय समजायचं? ‘ऑफिशियल व्हिडिओ’ जातं कारण इथे व्हिडिओ नाही, फक्त आवाज आहे. याच कारणाने जुन्या सीडीचं कव्हर स्कॅन करून चढवलं की त्यावरचा सीडीचा शिक्का आणि मागचा बारकोड आड येतो.

आणखी एक हौस म्हणजे ‘पॅरेंटल ॲडव्हायझरी’चा काळा-पांढरा चौकोन. रुबाबदार दिसतो म्हणून खिडकी, चंद्र आणि विरह असलेल्या गाण्यावरही लावतात. तो अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा ट्रेडमार्क आहे, नक्षी नव्हे. अपलोड करताना भरायच्या फॉर्ममध्ये गाणं स्वच्छ म्हणून नोंदवलं आणि कव्हरवर शिवराळपणाचा इशारा दिला, की तपासणारा विचारणार, यातलं खरं काय? गाण्यात खरंच शिव्या असतील तर फॉर्ममध्ये एक्स्प्लिसिट ही खूण करा. स्टोअर आपलं आपण ‘E’ दाखवतं, चौकोनाची गरज नाही.

आता उरलं नाव. यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात, कारण यात चूक दिसतच नाही. कव्हरवर जे लिहिलंय ते फॉर्ममधल्या नावाशी जुळलं पाहिजे. फॉर्ममध्ये ‘खिडकी’ आणि कव्हरवर ‘खिडकी – एक आठवण’ असेल तर ती दोन गाणी झाली. कव्हरवर दोन गायकांची नावं आणि फॉर्ममध्ये एक असेल तर दुसरा कोण? उलट, प्रसिद्ध गायकाचं नाव किंवा फोटो कव्हरवर आहे आणि तो गाण्यात नाही, तर ती ऐकणाऱ्याची फसवणूक धरतात; ‘त्यांना आदरांजली आहे हो’ हे उत्तर चालत नाही. लिपीही मी दोन्हीकडे एकच ठेवीन. एकीकडे देवनागरी आणि दुसरीकडे रोमन लिहून तपासणाऱ्याच्या मराठीची परीक्षा कशाला घ्यायची?

गंमत अशी की कव्हरवर काहीच न लिहिलेलंही चालतं. नाव, गायक, सगळं स्टोअर चित्राशेजारी लिहितंच. शिवाय स्पॉटिफाय कव्हर ६४ पिक्सेलपर्यंत लहान करून दाखवतं. चित्र ६४ वर आणून एकदा बघा. ज्या अक्षरांसाठी दोन दिवस फॉन्ट निवडला, त्यांच्या मुंग्या झालेल्या दिसतील.

फोटो इंटरनेटवरून उचललेला असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही. हक्क कोणाचा, याचा पुरावा मागितला गेला तर ‘गूगलवर मिळाला’ हा पुरावा नव्हे. विकत किंवा मोफत परवान्याने घेतलेल्या चित्राचा परवाना त्याच दिवशी जपून ठेवावा.

नकार आल्यावर लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिली, मेलवरून जेवढं कळलं तेवढंच पुसतात. मोबाइल नंबर काढला, पाठवलं; तीन दिवसांनी लोगोंवरून परत. लोगो काढले; तीन दिवसांनी तारखेवरून परत. तोवर ती तारीख उलटून गेलेली असते, म्हणजे तेवढा एक आक्षेप आपोआप खोटा ठरला म्हणायचा. सगळं एकदम साफ करून मगच पाठवावं. दुसरी गोष्ट म्हणजे रागाने नवं रिलीज उघडून पुन्हा सगळं भरणं. बहुतेक वेळा नाकारलेलं रिलीज तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं आणि गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला आयएसआरसी क्रमांकही तोच राहतो. नव्याने भरलं की त्याच गाण्याला दुसरा क्रमांक लागायची शक्यता, आणि पुढे ऐकल्याचे आकडे दोन जागी वाटले जायची.

म्हणून तारखेच्या तीन-चार आठवडे आधी पाठवावं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते किमान ७ दिवस आधी तिथे पोचलेलं लागतं, आणि दोन नकार एवढे दिवस सहज खातात.

‘खिडकी’ अखेर साफ झाली. मूळ फोटो, ३००० चौरस, खिडकी आणि गायक, बाकी काही नाही. मंजूर. त्याच संध्याकाळी गीतकाराचा फोन: माझं नाव कव्हरवरून कोणी काढलं? त्याला सांगावं की तुझं नाव फॉर्ममधल्या गीतकाराच्या रकान्यात आहे, टोपणनाव नाही, पूर्ण खरं नाव, रॉयल्टीच्या हिशेबाला तेच उपयोगी पडतं. तो दोन क्षण गप्प बसतो आणि विचारतो, बरं, पण तो रकाना केवढ्या अक्षरात दिसतो?