ओळीच्या शेवटची रेघ

शाहू महाराजांवरच्या जुन्या पुस्तकाच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यातून काढलेला मजकूर, आणि कोल्हापूरच्या आमच्या ग्रुपवर टाकायची कोण घाई! अरे भावांनो, ओळीच्या शेवटची रेघ सरसकट उडवू नका रे! ‘कोल्हा-’ आणि खालच्या ओळीत ‘पूर’ असेल तर खुशाल जोडा. पण कारकीर्द ‘१८९४-’ वर तुटून खाली ‘१९२२’ आलं, की तुमच्या फाइंड-रिप्लेसनं ‘१८९४१९२२’ होतं. हे कुठलं साल? रेघ शब्द तोडायला घातलेली की मुळातलीच, ते पान बघूनच ठरतं. आणि एंटर काढण्याआधी परिच्छेदांमधल्या रिकाम्या ओळींना खूण करा, उरलेल्या एंटरच्या जागी स्पेस द्या. नुसते पुसले की ‘दरबारातलोक’ चिकटतात. हे सगळं निस्तरायचं कुणी?