सीडीसी म्हणजे व्हिसा नव्हे

‘सीडीसी हातात असली की जहाज गाठायला व्हिसा लागत नाही, एजंटचं पत्र पुरतं.’ मिरज-तासगाव भागातल्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय.

असं नाही. सीडीसी हा खलाशाची ओळख आणि नोकरीची नोंद सांगणारा दाखला. जहाजावर चढल्या-उतरल्याचे शिक्के त्यात पडतात. देशात शिरायची परवानगी तो देश वेगळी देतो.

समजा, सांगलीच्या पोराला मायामीत क्रूझवर चढायचंय. विमानाने जाताना तो प्रवासीच असतो, म्हणून अमेरिकेचा C1 व्हिसा लागतो. जहाजावर कामाला लागल्यावर तो क्रू होतो, तेव्हा D व्हिसा. बहुधा दोन्ही एकत्र मिळतात आणि पासपोर्टवरच्या व्हिसावर C1/D छापलेलं असतं. तेवढं वाचून घ्या. तिथे B1/B2 दिसलं, तर तो फिरायचा नि व्यवसायभेटीचा व्हिसा. त्यावर क्रूझवर क्रू म्हणून नोकरी करता येत नाही, कुणी ‘चालतंय की’ म्हणालं तरी.

कंपनीचं पत्र लागतंच. त्यात जहाजाचं नाव, बंदर आणि रुजू व्हायची तारीख असते. पण ते अर्जाला जोडायचं, व्हिसाऐवजी दाखवायचं नाही. आणि D वर किनाऱ्यावर राहायची मुभा जास्तीत जास्त 29 दिवस, वाढवून मिळत नाही.