मामाकडे वाय-फाय मागण्याची रीत

पाहुणा म्हणून कोणाकडे गेलात, की दारात चपला काढता काढता पासवर्ड विचारू नये. ते असंस्कृतपणाचं लक्षण आहे. आधी पाणी येऊ द्यावं. पाण्याचा पेला हातात घेऊन ‘मामा, तब्येत काय म्हणते?’ असं विचारावं, मामांचं उत्तर अर्ध्यावर आलं की भिंतीवरच्या राउटरकडे प्रेमाने बघावं आणि म्हणावं, ‘अरे वा, फायबर घेतलंत!’ गुडघेदुखीचं राहिलेलं उत्तर नंतर कधीही ऐकता येतं.

थेट मागणं हलकेपणाचं वाटतं, म्हणून प्रथम नकार द्यावा. कोणी काही विचारलेलं नसलं तरी चालेल. ‘नको नको, माझा डेटा आहे’ हे वाक्य दोनदा म्हणावं आणि दुसऱ्यांदा म्हणताना फोन हवेत वर धरून तोंड वाकडं करावं. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रेंज खिडकीच्या गजापाशीच येते, हे मामींना माहीत असतं. त्या स्वयंपाकघरातून ओरडतातच, ‘अहो, त्याला पासवर्ड द्या ना!’ आता तुम्ही मागितलेला नाही, तुम्हाला दिलेला आहे.

मामांना पासवर्ड आठवणार नाही. तो मुलाने ठेवलेला असतो आणि मुलगा क्लासला गेलेला असतो. मोठा ए की छोटा, शेवटी ॲट द रेट की हॅश, यावर घरात चर्चा सुरू होईल. ‘अमेय’ एवढाच असेल, असं मामी म्हणतील. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो हे त्यांना तुम्ही समजावून सांगा, त्याने तुमच्या शिक्षणाचं चीज होतं. ज्या फोनवर वाय-फाय आधीच चालू आहे, त्या अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की चौकोनी कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला दिसतो. दहा सेकंदांचं काम. पण इतक्या लवकर संपवलंत तर पाहुणचार कसला? त्यापेक्षा ‘खाली स्टिकरवर असतो’ म्हणत राउटर खिळ्यावरून काढा, उलटा करा, टॉर्च लावा. मामांनी तो पासवर्ड तीन वर्षांपूर्वीच बदलला आहे, ही गोष्ट वेगळी.

शेवटी मुलाला क्लासमध्ये फोन करून पासवर्ड मिळतो. तुम्ही जोडता. आता तुमचं काम संपलं, पुढचं फोन करतो, आणि खरी गंमत इथेच आहे. आपण फक्त दोन मेसेज बघणार असतो. फोनला मात्र ‘वाय-फाय मिळालं तरच कर’ म्हणून महिनाभर दाबून ठेवलेली कामं आठवतात. फोटोंचा बॅकअप सुरू होतो, ॲप स्वतःला अपडेट करू लागतात, कुटुंबाच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे व्हिडिओ न विचारता उतरू लागतात. चुलत बहिणीच्या लग्नातले तुम्ही काढलेले फोटो आणि व्हिडिओ मिळून सहा जीबी आहेत असं धरू. मामांचा प्लॅन 30 एमबीपीएसचा. सहा जीबी म्हणजे साधारण 48,000 मेगाबिट; ते 30 ने चढवायचे तर सत्तावीस मिनिटं लाइन भरलेली राहणार. महिन्याच्या कोट्याची चिंता करू नका, घरच्या फायबरला तो हजारो जीबींचा असतो. अडचण असलीच तर आतल्या खोलीत मीटिंगला बसलेल्या मामेबहिणीची. तिचा चेहरा तोंड उघडं असताना गोठतो आणि आवाज तुटत येतो. बॅकअपला विराम देणं किंवा सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ म्हणणं हा उपाय आहे. पण आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात आपला फोन दुरुस्त करत बसणं शोभत नाही.

त्याऐवजी ‘तुमचं नेट स्लो आहे हो’ असं म्हणावं. हे पाहुण्याने म्हणण्याचं वाक्य आहे, त्याला पर्याय नाही.

मग मदत म्हणून पुन्हा राउटर हातात घ्यावा. त्याच्या मागे हिरव्या टोकाची एक बारीक वायर असते. तिच्या आत केसासारखी काच आहे आणि तिच्यातून प्रकाश येतो. ती तांब्याच्या वायरीसारखी घडी घालून, राउटरभोवती गुंडाळून ‘नीट’ ठेवा. तीव्र वळणात प्रकाश बाहेर सांडतो आणि पेटीवरचा LOS नावाचा दिवा लाल लुकलुकू लागतो. याचा अर्थ कंपनीकडून येणारा प्रकाश पोहोचतच नाही, त्यामुळे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही. तरीही सहा वेळा बंद-चालू करा. सगळे तुमच्याकडे आशेने बघत असतात. वळण सैल केलं आणि काच तुटलेली नसेल, तर बरेचदा तो लाल दिवा विझतो. पण आपण केलेली घडी आपणच उलगडायची म्हणजे कबुली दिल्यासारखं होतं. ‘कुठेतरी रस्ता खोदला असेल’ हे पुण्यात कधीही खपतं.

आणि मग तो क्षण येतो, ज्यासाठी आपल्यावर संस्कार झालेले असतात. छातीवर हात ठेवून म्हणावं, ‘माझा हॉटस्पॉट घ्या ना, घरचंच आहे.’ मामेबहीण पासवर्ड विचारेल. तो सांगायचा नाही, तिचा लॅपटॉप आपल्याकडे ओढून हाताच्या आडोशाने स्वतः टाकायचा. दुसऱ्याचा पासवर्ड तो घरगुती, आपला तो खासगी.

तुमचा प्लॅन दिवसाला दीड जीबीचा. त्यातला एक जीबी रेल्वेत क्रिकेट बघताना गेला, हे सांगायची गरज नाही. लॅपटॉपला वाटतं की आपण एका चांगल्या वाय-फायला जोडले गेलो आहोत, म्हणून तो विंडोजचं अपडेट काढतो. तिथेही जोडणीच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड’ हा खटका आहे, तो दाबला की बहुतेक अपडेट थांबतात. पण उपकार करताना अटी घालू नयेत. व्हिडिओ कॉल तासाला एक जीबीच्या आसपास खातो, वर अपडेट, म्हणजे तुमचं औदार्य फार तर पंधरा मिनिटं टिकतं. त्यानंतर वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगाला तीन एमबीचा एक फोटो उघडायला सहा मिनिटांवर लागतात. मीटिंगमध्ये आता चेहराही नाही आणि आवाजही नाही.

हे आपल्या डेट्यामुळे झालं असं कबूल करू नका. ‘तुमच्या घरात रेंजच नाही’ म्हणा. मग फोन खिडकीच्या गजावर ठेवा, बॅटरी नऊ टक्के आहे हे मोठ्याने सांगा आणि चार्जर मागा. चार्जर मागायला काही संकोच करायचा नसतो, तो तर साधा चार्जर.

निघताना मामा ओशाळून म्हणतील, ‘तुझाच डेटा खर्च झाला रे.’ तुम्ही हसून ‘काय मामा, आपल्यात कसला हिशेब!’ म्हणा आणि रिक्षात बसल्यावर बायकोला आकडा सांगा. आल्याची खूण म्हणून मामांच्या वाय-फायचा चौकोनी कोड कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, म्हणजे पुढच्या आतेभावाला चपला काढल्या काढल्या विचारावं लागणार नाही.

मामांनी पासवर्ड बदलला तर मनाला लावून घेऊ नका. टीव्ही, दारावरचा कॅमेरा, प्रिंटर आणि मामींचा टॅब, या सगळ्यांत नवा पासवर्ड टाकत बसण्यात त्यांचा एक रविवार जाणार आहे. त्या रविवारी मदतीला जरूर जा.