इज़ाफ़े म्हणजे 'चा' नव्हे, 'जो'

फ़ारसीत एका शब्दाला पुढच्या शब्दाशी जोडणाऱ्या 'ए'वर, म्हणजे इज़ाफ़ेवर, मी लिहिलेल्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया: "इज़ाफ़े म्हणजे आपला षष्ठीचा 'चा', एवढं एका ओळीत सांगितलं असतं तरी पुरलं असतं. एका 'ए'साठी अख्खा लेख कशाला? शिवाय तुम्ही म्हणता हा स्वर लिहीत नाहीत. माझ्या पाठ्यपुस्तकात 'पा-ये मन' मध्ये 'ये' चक्क छापलेला आहे. आधी नीट तपासून लिहा."

नमस्कार. दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, चूक माझी. शब्द आ किंवा ऊ या स्वराने संपत असेल तर इज़ाफ़ेचा 'ये' लिहिला जातो. 'पा-ये मन', म्हणजे माझा पाय, हे त्याचंच उदाहरण. 'ख़ाने'सारख्या शब्दाच्या शेवटी उच्चार नसलेलं 'हे' नावाचं अक्षर असतं. तिथे त्या अक्षरावर छोटी खूण करतात किंवा पुढे वेगळा 'ये' लिहितात. व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांत मात्र एरवीच्या छपाईत काहीच दिसत नाही, आणि असे शब्द फार मोठ्या संख्येने आहेत. लेखात मी हा फरक करायला हवा होता.

'चा'चं मात्र मला पटत नाही. 'केताब-ए हसन' म्हणजे हसनचं पुस्तक. मराठीत खूण हसनला लागते, फ़ारसीत ती पुस्तकाला लागते. शिवाय 'केताब-ए बोज़ोर्ग' म्हणजे मोठं पुस्तक. इथे मालक कोणीच नाही, फक्त विशेषण आहे, तरी तोच 'ए' येतो. आपण 'मोठ्याचं पुस्तक' म्हटलं तर अर्थच बदलतो.

एकाच स्वराने ही दोन्ही कामं का करावीत, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. इराणमधल्या बेहिस्तूनच्या डोंगरावर सम्राट दारयवहूने (आपण दरायस म्हणतो तो) इ.स.पू. 520 च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखात 'कार ह्य मना' असे शब्द येतात. कार म्हणजे सैन्य, मना म्हणजे माझं, आणि मधला 'ह्य' हे संबंधी सर्वनाम, आपल्या 'जो-जी-जे'सारखं. म्हणजे 'सैन्य, जे माझं'. हाच शब्द झिजून मध्ययुगीन फ़ारसीत 'ई' झाला आणि आजच्या इराणमध्ये 'ए'. म्हणून 'केताब-ए हसन' मनात 'पुस्तक, जे हसनचं' असं वाचा आणि 'केताब-ए बोज़ोर्ग' 'पुस्तक, जे मोठं' असं. दोन्हीकडे तो 'जे' बिनतक्रार बसतो. 'कोहिनूर'मधला 'इ' हाच, फक्त जुन्या उच्चारातला: कोह म्हणजे पर्वत, नूर म्हणजे प्रकाश.

'जो' धरून चाललात की एकामागून एक येणाऱ्या इज़ाफ़ेंची साखळीही उलगडते. 'केताब-ए बोज़ोर्ग-ए हसन' म्हणजे हसनचं मोठं पुस्तक. 'केताब-ए हसन-ए बोज़ोर्ग' म्हटलं की मोठा होतो हसन, पुस्तक नव्हे. नामाचं विशेषण आधी आणि मालक शेवटी, हा क्रम मोडला की अर्थ बदलतो. आणि साखळीतल्या शेवटच्या शब्दाला इज़ाफ़े कधीच लागत नाही, कारण त्याच्यापुढे 'जो' म्हणून जोडायला काही उरलेलं नसतं.

आता एका 'ए'साठी अख्खा लेख का, ते एका वाक्यावर दाखवतो. कागदावर अक्षरं अशी आहेत: मर्द, ईरानी, रा, दीद. 'रा' ही निश्चित कर्माची खूण, साधारण आपल्या 'ला'सारखी, आणि 'दीद' म्हणजे पाहिलं. 'मर्द ईरानी रा दीद' असं वाचलंत तर त्या पुरुषाने इराणी माणसाला पाहिलं. 'मर्द-ए ईरानी रा दीद' वाचलंत तर त्याने किंवा तिने त्या इराणी पुरुषाला पाहिलं. पहिल्या वाक्यात मर्द पाहणारा आहे, दुसऱ्यात तो पाहिला गेलेला आहे. छापील ओळ मात्र दोन्हींत अक्षरशः एकच, कारण मर्द व्यंजनाने संपतो.

मग ओळखायचं कसं? मी आधी वाक्याच्या शेवटी जातो. क्रियापद एकवचनी आहे, त्यामुळे कर्ता मर्द असू शकतो किंवा न सांगितलेला 'तो' किंवा 'ती'ही असू शकते. म्हणून मागचं वाक्य बघतो. कोणाबद्दल बोलणं आधीच चालू असेल तर इज़ाफ़े लावून वाचतो. मर्द हाच गोष्टीतला माणूस असेल तर त्याच्यानंतर क्षणभर थांबून वाचतो. 'रा'ची जागा इथे मदत करत नाही, कारण तो अख्ख्या साखळीच्या शेवटी येतो आणि दोन्ही वाचनांत 'ईरानी'च्याच मागे बसतो. अनेकवचनाच्या 'हा'ने मात्र काम सोपं होतं. 'मर्दहा'नंतर इज़ाफ़े असेल तर 'मर्दहा-ये ईरानी' असा 'ये' छापलेला दिसतो, कारण शब्द आता 'आ'ने संपतो. तुमच्या 'पा-ये मन'चाच हा नियम.

तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदात व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक नामापाशी थांबा आणि पुढच्या शब्दाआधी 'जो' घालून बघा. जिथे बसेल तिथे पेन्सिलीने शब्दाखाली छोटी तिरकी रेघ ओढा. इज़ाफ़ेचा 'ए' दाखवायचाच असेल तर फ़ारसी लिपीतही तो असाच अक्षराखाली दाखवतात.