स्लॅबवर नाक्यावरनं नवीन माणूस आणताय? मग हे वाचा

मे लागला की आपल्या कोल्हापुरात स्लॅबची घाई सुरू होते. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून मालक ठेकेदाराच्या मागं, ठेकेदार मुकादमाच्या मागं, आणि माणसं कमी पडली की सकाळी नाक्यावरनं दोघं-तिघं आणायचे. मी साईट इंजिनिअर आहे आणि माझं स्पष्ट मत आहे, ऊन लागून जीव जायचा सगळ्यात जास्त धोका ह्या नवीन माणसालाच असतो, आणि नेमकं त्यालाच आपण पहिल्या दिवशी घमेलं घेऊन जिन्यावरनं पळवतो.

उन्हात रोज राबून शरीराला सवय लागते, घाम लवकर सुटतो, घामातनं मीठ कमी जातं, पण ह्याला एक-दोन आठवडे लागतात. जुना गडी जरी गावाकडं जत्रेला जाऊन पंधरा दिवसांनी आला तरी ती सवय मोडलेली असते. अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था ओशा सांगते की उघड्यावर काम करताना उष्णतेनं होणारे ५० ते ७० टक्के मृत्यू उन्हातल्या कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणून त्यांचा नियम असा की नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्यायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. म्हणजे आठ तासांत दीड-एक तास उन्हात, बाकी सावलीतली कामं. हजेरी मात्र पूर्ण द्या, नाहीतर पैसे कापले जातील म्हणून तोच सावलीत थांबणार नाही.

"आपल्याकडं काय विदर्भासारखं ऊन नाही" असं सगळे म्हणतात. पण वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जो उकाडा असतो त्यात घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळं पारा ३६-३७ वर असला तरी माणूस आतनं तापतोच.

गेल्या उन्हाळ्यात एका स्लॅबवर असंच झालं. नवीन पोरगा, सकाळी चांगला चालला होता. अकराच्या पुढं पायात गोळे येतात म्हणाला, मग डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला. इथंच त्याला सावलीत घेऊन, पाय वर करून झोपवून ओआरएस द्यायला पाहिजे होतं आणि त्या दिवसाचं काम बंद. पण काँक्रीट अर्ध्यात थांबवलं तर सांधा राहतो म्हणून कुणी थांबलं नाही. थोड्या वेळानं तो भरलेलं घमेलं भलत्याच जागी ओतायला लागला, मुकादमानं हटकलं तर उलट अंगावर धावून गेला. सगळ्यांना वाटलं पिऊन आलाय. अंगाला हात लावला तर भट्टीसारखं तापलेलं, आणि घाम तर भरपूर येत होता. हे लक्षात ठेवा, कष्टाचं काम करताना उष्माघात झाला तर घाम चालू असू शकतो. ओळख म्हणजे बोलणं-वागणं बिघडणं, झोकांड्या जाणं, झटके किंवा शुद्ध हरपणं.

असं दिसलं की एकानं १०८ ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याला आहे तिथंच गार करायला घ्यायचं, गाडी यायची वाट बघत बसायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासावरच सगळं असतं. सगळं सामान साईटवरच असतंय. सिमेंट झाकायची ताडपत्री सावलीत पसरा, कपडे काढून त्याला त्यात ठेवा, चौघांनी कडा उचलून खोळ करा आणि क्युरिंगच्या पाईपनं पाणी भरा. पाईप उन्हात पडलेला असेल तर आधीचं गरम पाणी सोडून द्या. कोल्ड्रिंकच्या दुकानातनं बर्फ आणून टाका, पाणी हातानं हलवत ठेवा, एकानं डोकं पाण्याच्या वर धरून ठेवायचं. ताडपत्री नसेल तर सतत पाणी ओता आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गार करणं थांबवू नका, फक्त तो थरथरायला लागला आणि नीट बोलायला लागला तर पाण्यातनं बाहेर काढा. उलटी झाली तर कुशीवर वळवा. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी, सरबत काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथं काही काम करत नाही. त्या पोराला असंच पाणी घालून शुद्धीवर आणला, नंतर दवाखान्यात नेला.

ठेकेदार मंडळींना सांगणं एवढंच की स्लॅब पहाटे सुरू करा, अकराच्या आत संपेल एवढाच घ्या, मोठा असेल तर रात्री घ्या. गरम हवेत काँक्रीट पण लवकर सेट होतं, म्हणून गारव्यात काम घेण्यात तुमचाच फायदा आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकाला एक पेला पाणी हातात नेऊन द्यायला एक माणूस लावा. ठोक कामावरचा गडी स्वतःहून पाण्यासाठी खाली उतरत नाही. पाण्याची सोय काम देणाऱ्यानंच करायची हे कायद्यात पण आहे. नवीन माणसाच्या डोक्याला वेगळ्या रंगाचं फडकं बांधा आणि एका जुन्या गड्याला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा.

आणि उष्माघात होऊन गेलेला माणूस दोन दिवसांनी "आता बरा आहे" म्हणत आला तरी घेऊ नका. किडनी-लिव्हरला झालेला मार नंतर पण दिसतो, डॉक्टर रक्त तपासून हो म्हणतील तेव्हाच उन्हात, आणि ते पण परत २० टक्क्यांपासून.