४५ची खाच आणि हॉलमधला कॉलम: एका फॉरवर्डला उत्तर

"कॉर्निसचे कोपरे घरच्या घरी करा! मायटर बॉक्स आणा, पट्टी त्यात सपाट ठेवा, ४५च्या खाचेतून कापा. घराचा कोपरा ९०चाच असतो, म्हणून ४५ आणि ४५ जुळणारच. आतला कोपरा असो की बाहेरचा, काप एकच, पट्टी फक्त फिरवून धरायची. फट राहिली तर पुट्टी भरा, कळतसुद्धा नाही. मिस्त्रीला पैसे कशाला?"

दिवाळीच्या रंगकामाच्या तोंडावर नाशिकच्या इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय. कॉर्निस म्हणजे भिंत आणि छत यांच्या सांध्यावर फिरणारी नक्षीची पट्टी, आणि मायटर बॉक्स म्हणजे करवत ठरावीक कोनात चालवायला खाचा पाडलेली पेटी. मिस्त्रीचे पैसे वाचवायला माझी हरकत नाही. थर्माकोलची किंवा पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेन फोमची, हलकी पट्टी घरचा माणूस नीट लावू शकतो. पण या कृतीने नाही. (पीओपी जागेवरच पत्र्याच्या साच्याने ओढतात, ते काम वेगळं. इथे बोलतोय ते फक्त तयार पट्ट्यांबद्दल.)

हिशेबाला एक पट्टी धरू. तिची एक कड भिंतीवर छतापासून ७१ मिलीमीटर खाली बसते, दुसरी छतावर भिंतीपासून ७१ मिलीमीटर पुढे, आणि मधला नक्षीचा तिरपा भाग १०० मिलीमीटर रुंद आहे. पहिलीला भिंतीची कड म्हणू, दुसरीला छताची.

सपाट ठेवून ४५ला कापलं की जो जोड तयार होतो तो फोटो फ्रेमचा किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा. तिथे दोन्ही तुकडे एकाच पातळीत असतात. कॉर्निस मात्र भिंत आणि छत यांच्या मधे तिरकी उभी राहते. सपाट कापताना काप १०० मिलीमीटर रुंदीवर ४५ने जातो, म्हणून एक कड दुसरीपेक्षा १०० मिलीमीटर आखूड होते. पट्टी जागेवर धरली की छतावर ती फक्त ७१ मिलीमीटर पुढे येते, म्हणजे छताची कड ७१नेच आखूड व्हायला हवी होती. आतल्या कोपऱ्यात भिंतीच्या कडा एकमेकींना टेकतात आणि वर छताशी प्रत्येक तुकडा २९ मिलीमीटर कमी पडतो. त्या फटीत बोट जातं.

सपाट ठेवून बरोबर कापता येतं, पण त्यासाठी करवतीचं पातंही कलतं करावं लागतं. आपल्या पट्टीला खाच सुमारे ३५.३ अंशांची हवी आणि पातं ३० अंश कललेलं. पातं कलणाऱ्या मशीनवर हे जमतं. मायटर बॉक्सच्या खाचेत पातं उभंच राहतं, तिथे हा मार्ग बंद.

बॉक्समध्ये पट्टी तिच्या खऱ्या तिरकेपणात ठेवायची, पण उलटी. बॉक्सचा तळ म्हणजे छत आणि तुमच्यापासून लांबची फळी म्हणजे भिंत. छताची कड तळावर, भिंतीची कड मागच्या फळीला, नक्षी तुमच्याकडे. दोन्ही कडा पूर्ण टेकल्या पाहिजेत. पट्टी जराशी आत-बाहेर सरकली तर तिरकेपणा बदलतो आणि अचूक ४५चा कापही चुकतो. म्हणून छताच्या कडेसमोर तळावर लाकडाची बारीक पट्टी खिळ्यांनी ठोकून टाका, म्हणजे दर वेळी पट्टी त्याच जागी बसते. बाजारातल्या लहान प्लास्टिकच्या बॉक्समध्ये ७१ची पट्टी अशी उभी मावत नसेल, तर प्लायच्या तीन फळ्यांचा बॉक्स स्वतः करा. खाचा तपासायला टाकाऊ सपाट पट्टीचे दोन तुकडे कापून जोडा आणि गुण्या लावून बघा.

आता "काप एकच". यात अर्धं खरं आहे, कोन दोन्हीकडे ४५चाच असतो, आणि गोंधळ त्या अर्ध्या खऱ्यामुळेच होतो. आतल्या कोपऱ्यात भिंतीची कड लांब राहते आणि छताची आखूड होते. बाहेरच्या कोपऱ्यात छताची कड कोपऱ्याच्या पुढे निघते, म्हणून ती लांब आणि भिंतीची आखूड. पट्टी बॉक्समध्ये उलटी असल्याने डावं-उजवंही बदलतं: भिंतीवर जे उजवं टोक, ते बॉक्समध्ये डावीकडे येतं. कोणती खाच, हे डोक्यात फिरवत बसू नका. पेन्सिलीने भिंतीच्या कडेवर 'भ', छताच्या कडेवर 'छ' लिहा, कापाची तिरकी रेघ पट्टीवर ढोबळ काढा आणि लांब राहणारी कड कोणती ते करवत लावण्याआधी तपासा. माप मात्र दोन्ही कोपऱ्यांत भिंतीच्या कडेवरच घ्यायचं, कारण टेप भिंतीलाच लागतो.

नाशिकच्या फ्लॅटमध्ये याची परीक्षा हॉलमधल्या कॉलमवर होते. भिंत १५० मिलीमीटरची आणि कॉलम २३०चा असेल तर तो ८० मिलीमीटर बाहेर डोकावतो. असा कॉलम भिंतीच्या मधोमध आला की तिथे दोन आतले आणि दोन बाहेरचे कोपरे तयार होतात. समोरचा दर्शनी भाग ३०० मिलीमीटर धरू.

बाजूच्या ८०च्या तुकड्याचं एक टोक आतल्या कोपऱ्यात जातं, दुसरं बाहेरच्या. छताची कड एका टोकाला ७१ने कमी होते आणि दुसऱ्याला ७१ने वाढते, म्हणजे तीही ८०च राहते. दोन्ही काप समांतर. हा तुकडा बॉक्समध्ये न फिरवता, नुसता सरकवून, एकाच खाचेतून दोन्ही टोकांना कापला जातो. इथे पट्टी फिरवून धरली तर तुकडा वाया गेलाच म्हणून समजा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा कॉलम नसलेला हॉल पाहिला असावा.

दर्शनी तुकड्याची दोन्ही टोकं बाहेरच्या कोपऱ्यांवर येतात. भिंतीची कड ३००, पण छताची कड ३०० अधिक दोनदा ७१, म्हणजे ४४२. "कॉलम एक फुटाचा, एक फूट पट्टी पुरे" असं म्हणून राखून ठेवलेला उरलेला तुकडा इथे कामाला येत नाही. कॉलमपासून खोलीच्या कोपऱ्यापर्यंतची भिंत १८०० असेल तर तिथे उलट: भिंतीची कड १८००, छताची १६५८.

८०चा तुकडा आधी वेगळा कापून मग टोकं मारू नका, तो बॉक्समध्ये धरताच येत नाही. लांब पट्टीवरच पहिला काप घ्या, भिंतीच्या कडेवर ८० मोजा आणि दुसऱ्या कापाने तुकडा सोडवा.

राहिला कोपरा ९०चा असण्याचा मुद्दा. नकाशात असतो. प्लास्टर करताना कोपऱ्यात थर जाड-पातळ होतो आणि काटकोन जातो. तपासणी सोपी आहे: छतालगत एका भिंतीवर कोपऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर खूण, दुसरीवर ८०वर, आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजा. ते १०० आलं तर काटकोन. १०१ आलं तर कोपरा सुमारे ९१.२ अंशांचा, १०२ आलं तर ९२.४चा. ९९ आलं तर ९०पेक्षा सव्वा अंश कमी.

९२.४च्या आतल्या कोपऱ्यात ४५चे दोन तुकडे लावले तर भिंतीशी ते टेकतात आणि छताच्या कडेशी सुमारे ४ मिलीमीटर उघडे राहतात. म्हणून फट कुठे आहे ते बघितलं की दोष कळतो. आतल्या कोपऱ्यात छताकडे फट असेल तर कोपरा ९०पेक्षा मोठा, भिंतीकडे असेल तर लहान. बाहेरच्या कोपऱ्यात हेच उलटं वाचायचं.

यावर मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कोन न मोजण्याची पद्धत. पट्टीचा छोटा तुकडा जागेवर धरून छतावर त्याच्या कडेची रेघ ओढा, दोन्ही भिंतींलगत. आतल्या कोपऱ्यात या रेघा एकमेकींना छेदतात. बाहेरच्या कोपऱ्यात त्या कोपऱ्याच्या पुढे वाढवल्या की छेदतात. कोपऱ्यापासून त्या छेदापर्यंतची रेघ हाच खरा जोड, कोन कितीही असो. ९२.४च्या कोपऱ्यात छेद भिंतीलगत मोजला तर कोपऱ्यापासून ७१ऐवजी साधारण ६८वर येतो. पट्टीवर भिंतीच्या कडेचा बिंदू आणि छताच्या कडेचा हा ६८चा बिंदू खुणवा. बॉक्समध्ये पट्टी ठेवल्यावर करवत दोन्ही खुणांवरून जायला हवी.

४५ची खाच तशी जाणार नाही, तेव्हा तळावर ठोकलेली बारीक लाकडी पट्टी काढायची, कॉर्निसच किंचित वाकडी ठेवायची आणि मग ती लाकडी पट्टी नव्या जागी पुन्हा ठोकायची. आतल्या कोपऱ्यासाठी, बॉक्स ३०० मिलीमीटर लांब असेल तर, कापायच्या टोकाकडे मागची फळी आणि पट्टी यांच्या मधे ६ मिलीमीटरचा प्लायचा तुकडा सरकवा. काप ४६.२च्या आसपास येतो. कोपरा ९०पेक्षा लहान असेल तर तोच तुकडा राखायच्या बाजूला. बाहेरच्या कोपऱ्याला या बाजू अदलाबदल होतात. आधी टाकाऊ तुकड्यावर कापून कोपऱ्यात धरून बघा. शेवटचा अर्धा मिलीमीटर लाकडी ठोकळ्यावर सँडपेपर गुंडाळून काढा, पण जिथे आधी टेकतंय तिथेच घासायचं, फटीच्या बाजूला नाही. लाकडी पट्टी असेल तर आतल्या कोपऱ्यात सुतार एक तुकडा सरळ भिंतीला भिडवतो आणि दुसऱ्याचं टोक नक्षीच्या आकारात कोरून त्यावर बसवतो. कोपरा काटकोनातून थोडा चुकला असला तरी तो जोड बंद दिसतो.

पुट्टी एक-दोन मिलीमीटरपर्यंत ठीक. आतल्या कोपऱ्यात तिला मागून दोन भिंतींचा आधार असतो, त्यामुळे ती टिकते. बाहेरच्या कोपऱ्यात जोड हवेत पुढे आलेला असतो. तिथे रुंद फट भरली तर नक्षीची धार पुट्टीतून हाताने घडवावी लागते, आणि खालून ट्यूबलाइटचा उजेड पडला की ती वेगळी दिसते. म्हणून दोन्ही कोपरे असलेल्या भिंतीवर आधी बाहेरचा जोड जुळवा, उरलेली चूक आतल्या कोपऱ्याकडे ढकला. थर्माकोलला सॉल्व्हंटचा रबरी गोंद चालत नाही, तो थर्माकोल विरघळवतो आणि घट्ट बसलेला जोडही आतून पोकळ होतो. पाण्यावर आधारित गोंद घ्या. आणि जिप्समची आठ फुटी पट्टी असेल तर दोन माणसं धरायला, एक चिकटवायला, असे तिघे लागतात. तेवढी माणसं घरात नसतील तर ते काम मिस्त्रीचंच.