चार ओळी आणि साका

रेझ्युमे मी एका संध्याकाळी तयार केला. तो पाठवताना वर घालायच्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले.

रत्नागिरीच्या एका फळप्रक्रिया कारखान्यासाठी माणसं भरणाऱ्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, "ईमेल टाका. कुठल्या जागेसाठी ते लिहा, तुमची एक जमेची बाजू लिहा आणि रेझ्युमे जोडा. थोडक्यात हं." हे 'थोडक्यात' आमच्या देवगडच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नाही. आमच्याकडे शेजारच्या घरी मीठ मागायला गेलेला माणूससुद्धा आधी पावसाचं बोलतो.

फोन ठेवला तेव्हा पडवीत भाऊकाका बसले होते. तीस वर्षं शाळेत मास्तरकी केल्यामुळे अर्ज हा प्रांत आपला, असं त्यांना वाटतं. मी 'नमस्कार मॅडम' टाईप केलं आणि ते उठून माझ्या खांद्यामागे आले.

"मेल्या, नोकरी मागतंस आणि सरळ नमस्कार?"

मग त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'माननीय महोदया यांचे सेवेशी, सादर विनंती विशेष की, मी खाली सही करणार...' अर्ज चांगला फुलस्केपभर झाला. जागेचं नाव अकराव्या ओळीत आलं. मी तो आधी स्वतःलाच पाठवून पाहिला. फोनच्या पडद्यावर सूचना आली आणि तिच्यात मावलं ते एवढंच: 'माननीय महोदया यांचे सेवेशी, सादर विनं...' मॅडमच्या फोनवरही एवढंच दिसणार. दिवसभर अशी पन्नास-साठ 'सादर विनं' बघणारी बाई माझंच का उघडेल?

तेव्हा जागेचं नाव वर चढलं, थेट विषयाच्या ओळीत. त्यावरूनही वाद झाला. आईचं म्हणणं, "एकाच जागेचा नाव कित्याक? खंयचीय चलात म्हणान लिव." पाच हंगाम आंब्याच्या गाड्या उतरवून घेतल्यावर मला एवढं कळतं, की ज्या क्रेटवर चिठ्ठी नाही तो क्रेट कुठल्याच थप्पीला लागत नाही, संध्याकाळपर्यंत वाटेत पडून राहतो. त्या मॅडमकडेही एकाच वेळी चार-पाच जागांची भरती असणार. 'कोणतीही चालेल' लिहिणारा कोणत्या थप्पीत जाईल? जाहिरातीत होतं तेच नाव मी जसंच्या तसं उचललं: 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, रत्नागिरी'. आमच्या कारखान्यात या कामाला 'मालावरचा माणूस' म्हणतात. तो शब्द मी मोठ्या मनाने गाळला.

खरे हाल पुढे होते. जमेची बाजू, आणि तीही एक.

आपली आरती आपणच ओवाळायची म्हणजे हात आधीच अवघडतो. मी 'मेहनती, प्रामाणिक आणि मिळून-मिसळून काम करणारा' असं लिहून हात झटकले. आई म्हणाली, "निर्व्यसनी लिव. तुझ्या बापाशीचा लगीन तेवढ्यावरच जमलेला." वहिनीने भिडेखातर 'शांत स्वभाव' सुचवला. काकांनी 'सुवाच्य हस्ताक्षर' पुढे केलं. ईमेलसाठी!

रात्री अंथरुणावर पडून मी ते विशेषण-मंडळ पुन्हा वाचलं आणि मला साका आठवला. हापूस बाहेरून केशरी, घमघमीत, डाग नाही, सुरकुती नाही. आणि कापला की आतला गर मधेच पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून कितीही निरखा, कळत नाही. सुरी लावावीच लागते. माझ्या तिन्ही विशेषणांत साका होता. 'मेहनती' वाचून मॅडम पुढे काय विचारणार? काहीच नाही. ज्या वाक्यावर समोरच्याला पुढचा प्रश्न सुचत नाही, ते वाक्य फेकायच्या टोपलीतलं.

मग उठून बसलो आणि स्वतःला विचारलं, की मी तिथे नसतो तर काय बिघडलं असतं? उत्तर साक्यातच सापडलं. गेल्या हंगामात आमच्याकडे १८६ गाड्या उतरल्या. पूर्वी नमुन्याचे आंबे कापायचे, साका निघाला की हळहळायचं आणि विसरून जायचं, अशी रीत होती. मी वही घातली. प्रत्येक गाडीतले वेगवेगळ्या क्रेटमधले वीस आंबे कापायचे, किती साक्याचे निघाले ते बागायतदाराच्या नावापुढे मांडायचं. महिन्याभरात वहीच सांगू लागली की कुठल्या बागेची गाडी आली तर वीसवर न थांबता चाळीस कापावेत. तसला माल पल्पच्या टाकीत जाण्याआधीच बाजूला निघू लागला. वहीसाठी मला कोणी शाबासकी दिली नव्हती. उलट दोन बागायतदार अजून बोलत नाहीत.

'साका टाळला' असं मात्र मी लिहिलं नाही. साका झाडावरच होतो, तो टाळणं माझ्या हातात नाही. मी तो पकडतो. उगाच दावा केला असता तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडलो असतो. शेवटी तयार झालं ते असं:

विषय: क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, रत्नागिरी – आंबा पल्प, ५ हंगाम

"नमस्कार मॅडम, सोमवारी फोनवर बोलल्याप्रमाणे क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, रत्नागिरी या जागेसाठी रेझ्युमे पाठवत आहे. पाच हंगाम मी पल्प कारखान्यात कच्चा माल तपासतो. गेल्या हंगामात १८६ गाड्यांतल्या साक्याची बागायतदारवार नोंद ठेवली, त्यामुळे खराब माल टाकीत जाण्याआधी वेगळा काढता आला. दोन पानी रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडला आहे."

खाली नाव आणि फोन नंबर. काकांनी वाचलं आणि विचारलं, "आणि आपला विश्वासू?" तो राहूनच गेला.

आमच्या घरात रेंज येत नाही. ती खळ्याच्या टोकाला, गडग्यावर उभं राहिलं की येते. मी गडग्यावर चढलो, एका हाताने फणसाची फांदी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फाईल जोडली आणि पाठवलं. खाली Undo असं पाच सेकंद दिसतं म्हणतात. ते पाच सेकंद मी पाय कुठे ठेवायचा ते बघण्यात घालवले.

दोन मिनिटांत उत्तर! मी पुन्हा गडग्यावर.

'पाच डझनाची पेटी पुण्याला घरपोच मिळेल का?'

फोनमध्ये `Final.pdf`, `Final(1).pdf` आणि `Final_new.pdf` अशा तीन फायली होत्या. त्यातली मधली दादाच्या आंब्यांचं दरपत्रक. माझ्या पाच हंगामांच्या जागी मॅडमकडे पेटीचे दर, 'गाडीभाडे वेगळे' आणि 'माल एकदा दिल्यावर परत घेतला जाणार नाही' ही ठळक टीप पोचली होती.

घरात येऊन आधी फाईलचं नाव बदललं: माझं नाव, आडनाव, जागा, `Resume`. त्यांच्याकडे `Final.pdf` नावाची माझी एकट्याचीच फाईल असेल असं थोडंच आहे. मग ती उघडून पाहिली, हे कालच करायला हवं होतं. एका शब्दावर बोट दाबून धरलं. शब्द निळा झाला, म्हणजे अक्षरं खरी आहेत, कागदाचा नुसता फोटो नाही. पहिल्यांदा मी सायबरवाल्याकडून स्कॅन करून आणला होता, त्यात एकही शब्द निळा होईना. तसल्या फाईलमध्ये मॅडमनी 'पल्प' शोधलं असतं तर बहुधा काहीच सापडलं नसतं.

दुसरा ईमेल दोन ओळींचा. 'मघाशी चुकून दुसरी फाईल गेली, क्षमस्व. रेझ्युमे सोबत आहे.' खाली तोच मजकूर. या वेळी पाठवण्याआधी जोडलेली फाईल तिथूनच उघडून बघितली. फांदी सोडून, दोन्ही हातांनी.

संध्याकाळी उत्तर आलं. 'रेझ्युमे मिळाला. शुक्रवारी अकराला फोन करते. वही असेल तर जवळ ठेवा. आणि पेटीचं काय? साका निघणार नाही ना?'

मी खरं तेच लिहायला घेतलं, 'मॅडम, कापल्याशिवाय सांगता येत नाही,' तर दादाने मागून फोनच ओढून घेतला.